‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आणि हुबेहूब दिसणारी खोटी ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या खात्यातून एका रात्रीत ४४ हजार रुपये गेले. त्यांनी कुणाला ओटीपी सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर पासवर्ड टाकला नव्हता, कुणाशी फोनवर बोललेही नव्हते. व्हॉट्सॲपवर भाच्याच्या नंबरवरून आलेली एक फाइल त्यांनी उघडली होती. त्या दिवसापासून सोसायटीतले, नात्यातले लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळी उत्तरं या एकाच प्रकारच्या फसवणुकीभोवती फिरतात, कारण सध्या आपल्याकडच्या फोनमध्ये बाहेरची ॲप शिरतात ती बहुतेक याच वाटेने.

व्हॉट्सॲपवर `RTO E Challan.apk` अशी फाइल आली आहे. ती उघडली तर नेमकं काय होतं?

नावात ‘चलन’ असलं तरी ती चलनाची पावती नाही. पावती पीडीएफ किंवा फोटो असते. शेवटी `.apk` असेल तर ते अँड्रॉइडचं अख्खं ॲप असतं. ते टाकण्याआधी फोन तुमची परवानगी मागतो, आणि पुढचं सगळं त्या परवानगीवर अवलंबून असतं.

आमच्या सरांच्या फोनवर काय झालं ते क्रमाने सांगतो. फाइलसोबत मराठीत निरोप होता: तुमच्या वाहनाने सिग्नल तोडला आहे, पुरावा फाइलमध्ये पाहा. सरांनी फाइलवर बोट ठेवलं. व्हॉट्सॲपला ॲप टाकायची परवानगी नाही, असं फोनने सांगितलं आणि शेजारी `Settings` चं बटण दिलं. सरांनी तिथे जाऊन `Allow from this source` चालू केलं. ॲप बसलं, उघडलं, आणि पडद्यावर आलं की नवी आवृत्ती आली आहे, ‘अपडेट’ दाबा. त्यांनी दाबलं.

खरी मेख इथे होती. पहिली फाइल नुसती वाहक होती आणि तिने फारशा परवानग्या मागितल्या नव्हत्या. ‘अपडेट’ म्हणून जे बसलं ते दुसरंच ॲप होतं आणि चोरी त्याने केली. अशा दोन टप्प्यांमुळे पहिली फाइल तपासणाऱ्याला निरुपद्रवी वाटते. दुसऱ्या ॲपने एसएमएस, संपर्क आणि फोन या परवानग्या मागितल्या. सरांना वाटलं, सरकारी ॲप आहे, मागत असेल. त्यानंतर दंड भरायचं पान आलं. पडताळणीसाठी फक्त १ रुपया भरा, असं लिहून त्यावर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि पिन मागितला होता. सरांनी सगळं भरलं. ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असा निरोप आला आणि ॲप बंद झालं. नंतर त्याचं चिन्हही दिसेना. सरांना वाटलं, ॲप आपोआप निघून गेलं.

ते निघून गेलं नव्हतं. रात्रभर बँकेचे एसएमएस येत होते आणि ते ॲप त्यांची नक्कल पुढे पाठवत होतं. सकाळी उठल्यावर सरांना समजलं.

काही फाइली याशिवाय व्हीपीएन जोडायची परवानगी मागतात. व्हीपीएन म्हणजे फोनची सगळी ये-जा ज्यातून जाते असा बोगदा. त्यामुळे ॲप कुणाशी बोलतंय ते झाकलं जातं. तुम्ही स्वतः व्हीपीएन वापरत नसाल आणि फोनच्या वरच्या पट्टीत अचानक किल्लीचं चिन्ह दिसू लागलं, तर तो साधा बदल समजू नका.

पण फाइल ओळखीच्या माणसाकडून आली होती. त्याने मुद्दाम पाठवली का?

नाही. भाचाही आधी फसलेला होता. त्याच्या फोनमधल्या ॲपकडे एसएमएसची परवानगी होती. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करताना सहा अंकी कोड एसएमएसने येतो. तो चोरांना आपसूक मिळाला, आणि मग त्याच्याच नंबरवरून, त्याच्याच फोटोसह, त्याच्या सगळ्या संपर्कांना आणि ग्रुपना तीच फाइल गेली. म्हणून सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपमध्ये ती एखाद्या भरवशाच्या माणसाच्या नावाने येते.

पाठवणारा कोण आहे यावरून फाइल ठरवता येत नाही. व्हॉट्सॲपवर `.apk` आली की पाठवणाऱ्याला साधा फोन करा, व्हॉट्सॲपचा कॉल नको. दहातल्या नऊ वेळा तो म्हणेल, “मी काही पाठवलेलंच नाही.” मग त्याला ताबडतोब सांगा की त्याचा फोन पकडला गेला आहे. तुम्ही केलेला तो कॉल त्याच्या उपयोगाचा असतो आणि तुमच्याही.

ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं काय किंवा फाइल उघडून टाकलं काय, फरक काय पडतो?

लोक समजतात की प्ले स्टोअर म्हणजे दुकान आणि बाहेर म्हणजे रस्त्यावरची गाडी, माल तोच. फरक मालात नाही, परवानग्यांमध्ये आहे.

तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी कुठलंही ॲप मागू शकतं, असं नाही. गूगलने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये नियम जाहीर केला आणि २०१९पासून लावला: प्ले स्टोअरवरच्या ॲपला एसएमएस आणि कॉलची नोंदवही वाचायची असेल, तर ते तुमचं एसएमएसचं किंवा फोनचं मुख्य ॲप असायला हवं, किंवा गूगलने मान्य केलेल्या मोजक्या कारणांत बसायला हवं. दंड दाखवणारं ॲप साधारणपणे त्यात बसत नाही. म्हणून ‘चलन’ वाल्यांना आपलं ॲप त्या दारातून आत आणणं फार अवघड. बाहेरून टाकलेल्या ॲपला ती चाळणी लागत नाही. त्याला फक्त तुमचा ‘हो’ पुरतो.

म्हणजे व्हॉट्सॲपने फाइल पाठवणं ही चोरांची सोय नाही, त्यांची गरज आहे. त्यांना एसएमएस हवे आहेत आणि ते मिळवायला बाहेरचीच वाट उरते. गूगलने सिंगापूरमध्ये काही काळ पाहणी केली, तेव्हा एसएमएस, नोटिफिकेशन आणि पडद्यावरचं सगळं वाचू देणारी ॲक्सेसिबिलिटी या परवानग्यांचा गैरवापर करणाऱ्या फसव्या ॲपच्या मोठ्या कुळांमधली ९५ टक्क्यांहून अधिक ॲप इंटरनेटवरून, म्हणजे ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून टाकलेली निघाली.

आणखी एक फरक पडतो तो नंतर. प्ले स्टोअरवरचं ॲप फसवं निघालं, तर गूगल ते काढून टाकतं आणि टाकणाऱ्याचं खातं बंद करतं. व्हॉट्सॲपने फिरणाऱ्या फाइलीला असा कुणी मालक नसतो. एक बंद केली की उद्या तीच `PM Kisan.apk` किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने फिरते.

ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. मग पैसे कसे गेले?

सगळ्यात जास्त लोक हेच विचारतात, आणि त्यात त्यांचा राग असतो. बँका वर्षानुवर्षं सांगत आल्या की ओटीपी कुणाला सांगू नका. या माणसांनी तो सांगितलेला नसतो. ओटीपी सांगायची वेळच येत नाही, कारण तो ज्या खिडकीत येतो तिथे चोर तुमच्या आधीपासून बसलेला असतो.

फोनमध्ये एसएमएस आला की अँड्रॉइड ज्या ज्या ॲपला परवानगी आहे त्यांना ते कळवतं. खोटं ॲप त्याच क्षणी मजकूर उचलतं आणि बाहेर पाठवतं. कुठे पाठवतं, त्याच्या दोन तऱ्हा सापडल्या आहेत. पहिली, टेलिग्रामच्या बॉटकडे, म्हणजे तिथल्या आपोआप चालणाऱ्या खात्याकडे. बेंगळुरूच्या क्लाउडसेक या कंपनीने २०२४मध्ये खोट्या ई-चलन ॲपचा माग काढला, तेव्हा एसएमएस आणि संपर्क तिथेच जात होते. एकाच चोराच्या ताब्यात लोकांचे ४,४०० हून जास्त फोन गेले होते आणि त्याने १६ लाख रुपयांवर डल्ला मारला होता. पैसे थेट खात्यात न वळवता शॉपिंग खात्यांतून गिफ्ट कार्डं घेतली जात, म्हणजे मागोवा लागणं कठीण.

दुसरी तऱ्हा, एसएमएस सरळ दुसऱ्या मोबाइल नंबरवर पाठवण्याची. झिंपेरियम या कंपनीने २०२५च्या सुरुवातीला भारतीय बँकांच्या ग्राहकांवर रोखलेल्या अशा ॲपचे जवळपास ९०० नमुने गोळा केले. त्यांत चोरांचे सुमारे एक हजार मोबाइल नंबर कोरलेले होते. आणि चोरलेला माल ज्या इंटरनेट साठ्यात ठेवला होता, त्याला कुलूपही नव्हतं. सुमारे ५० हजार लोकांचे बँकेचे एसएमएस, कार्डाचे तपशील आणि ओळखपत्रांचे नंबर कुणीही वाचू शकेल असे उघडे पडले होते. म्हणजे एका चोराने नेलेली माहिती त्याच्यापाशीच राहील, याचीही खात्री नाही.

यूपीआयचं आणखी वेगळं आहे. यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना तुमच्या सिममधून एक एसएमएस बँकेकडे जातो, आणि त्यावरून बँक ओळखते की हा नंबर याचाच. खोट्या ॲपला एसएमएस पाठवायचीही परवानगी दिली असेल, तर तो एसएमएस तुमच्या सिममधून चोरासाठी जाऊ शकतो. पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत संपण्याची तारीख आणि ओटीपी लागतो. १ रुपयाच्या पानावर कार्ड का मागितलं होतं, हे आता लक्षात येईल. तो रुपया कधी कुणाला हवाच नव्हता.

फोन धोक्याचा इशारा देतो ना? मग लोक पुढे का जातात?

देतो, आणि पूर्वीपेक्षा बराच चांगला देतो. अँड्रॉइड ७ पर्यंत ‘बाहेरची ॲप चालतील’ असं एकच बटण होतं. ते एकदा चालू केलं की फोनला कुठूनही काहीही टाकता यायचं. अँड्रॉइड ८ पासून परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सॲपला एक, क्रोमला एक. अँड्रॉइड १३ने आणखी एक अडसर आणला: बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी सहज चालू करता येत नाही, बटण करडं राहतं.

चोरांनी यालाही उत्तर शोधलं. वाहक ॲप दुसऱ्या ॲपला अशा पद्धतीने टाकतं की ते स्टोअरमधून आल्यासारखं भासतं आणि अडसर लागत नाही. काही निरोपांत तर ‘प्ले प्रोटेक्ट तात्पुरतं बंद करा, नाहीतर चलन दिसणार नाही’ अशा पायऱ्या चित्रांसह दिलेल्या असतात. प्ले प्रोटेक्ट म्हणजे फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय. हे वाचलं की दुसरी खूण शोधायची गरज नाही. कुठल्याही सरकारी खात्याला तुमच्या फोनचा पहारेकरी झोपवायचं कारण नसतं.

गूगलने भारतात २०२४च्या अखेरीपासून प्ले प्रोटेक्टमध्ये एक कडक चाचणी सुरू केली. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल, तर ते टाकण्यापूर्वीच रोखलं जातं. चांगलं आहे. पण प्ले प्रोटेक्ट बंद असेल तर तो पहारा नसतो, म्हणून ते चालू आहे ना हे पाहा: प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे फोटोवर बोट ठेवा, मग `Play Protect`.

लोक पुढे का जातात याचं माझं उत्तर असं आहे की इशारा इंग्रजीत असतो आणि भीती मराठीत. दंडाचा निरोप वाचून माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला फक्त आपल्या गाडीचा फोटो पाहायचा असतो. सर बेसावध नव्हते. ते घाईत होते.

चलन खरं आहे की नाही, हे कुठे बघू?

निरोपातल्या कुठल्याही गोष्टीला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा. महाराष्ट्रातल्या चलनासाठी `mahatrafficechallan.gov.in`, देशभरासाठी `echallan.parivahan.gov.in`. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे काही अंक विचारले जातात. खरं चलन असेल तर तारीख, ठिकाण, कलम, रक्कम आणि बहुधा गाडीचा फोटो दिसतो. काही सापडलं नाही तर तिथेच विषय संपला.

खऱ्या चलनाचा निरोप एसएमएसने येतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी दहा अंकी नंबर नसतो, अक्षरांचं नाव असतं. २०२५पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार सरकारी एसएमएसच्या नावाच्या शेवटी `-G` असतं. व्हॉट्सॲपवर, एखाद्याच्या खासगी नंबरवरून फाइल पाठवून वाहतूक पोलीस दंड मागत नाहीत.

सारखंच चिन्ह, सारखंच नाव. खोटं ॲप ओळखायचं कसं?

चिन्ह आणि नाव यांवर विसंबू नका, ही दोन्ही पाच मिनिटांत उतरवता येतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्टोअरच्या बाहेरचं नाही, आतलं आहे. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये प्ले स्टोअरवर `Update WhatsApp Messenger` नावाचं ॲप होतं. बनवणाऱ्याचं नाव होतं `WhatsApp Inc.`, अगदी मूळ कंपनीसारखं. फरक एवढाच की नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक मोकळी जागा होती. संगणकासाठी ते वेगळं नाव, माणसासाठी तेच. गूगलने काढेपर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांनी ते घेतलं होतं. वर ते बसल्यावर रिकामं चिन्ह लावून लपतही होतं.

तेव्हा प्ले स्टोअरवरही डोळे उघडे ठेवावे लागतात. मी स्वतः तीन गोष्टी पाहतो.

पहिली, ॲपपर्यंत पोचायची वाट. शोधपट्टीत नाव टाकून येणारा पहिला निकाल कधी कधी जाहिरात असतो. बँकेचं ॲप घ्यायचं असेल तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला संकेतस्थळाचा पत्ता टाइप करा आणि तिथल्या स्टोअरच्या बटणावरून जा. सरकारी ॲपसाठी `.gov.in` ने संपणाऱ्या स्थळावरून जा. `parivahan-gov.in` किंवा `gov-in.com` ही सरकारी स्थळं नव्हेत. `https://` सोडून पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा अगदी शेवटचा भाग वाचायचा, `gov` च्या आधी टिंबच आहे ना पाहायचं, सुरुवात वाचून फसायचं नाही.

दुसरी, पॅकेजचं नाव. प्रत्येक अँड्रॉइड ॲपचं एक आतलं नाव असतं. ब्राउझरमध्ये स्टोअरचं पान उघडलं की ते पत्त्यात `id=` नंतर दिसतं. सरकारच्या एमपरिवहन या वाहनांच्या ॲपचं असं आहे:

```
play.google.com/store/apps/details?id=com.nic.mparivahan
```

प्ले स्टोअरवर हे नाव एकाच ॲपला मिळतं, त्यामुळे नकली ॲपला थोडं वेगळं नाव घ्यावं लागतं, जसं शेवटी एखादा जास्तीचा शब्द. पण ही खूण फक्त स्टोअरच्या आतच चालते, हे विसरू नका. बाहेरच्या फाइलीत तेच नाव जसंच्या तसं लिहिता येतं. तिथे फोन दुसरी गोष्ट तपासतो: प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि आधीपासून बसलेल्या ॲपवर वेगळ्या सहीचं ॲप चढत नाही. `App not installed` असं आलं, तर कित्येकदा त्याचं कारण हेच असतं. अशा वेळी लोक खरं ॲप काढून खोटं टाकायला जातात. तसं करू नका, सहीने तुम्हाला वाचवलेलं असतं.

तिसरी, परवानगी आणि काम यांचा मेळ. चलन दाखवायला एसएमएस वाचावे लागत नाहीत. लग्नपत्रिका उघडायला संपर्क लागत नाहीत. कुठल्याही बिलाच्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी लागत नाही. ही सोय दृष्टी किंवा हालचालींत अडचण असलेल्यांसाठी आहे, आणि ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

डाउनलोडचा आकडा आणि तारे मी फार धरत नाही, कारण ते विकत मिळतात. कमी ताऱ्यांची, अलीकडची, तक्रारीची परीक्षणं मात्र वाचतो. फसलेला माणूस तिथे पोटतिडकीने लिहितो.

म्हणजे स्टोअरच्या बाहेरचं प्रत्येक ॲप वाईट?

नाही. एफ-ड्रॉइडसारखं मुक्त स्रोत ॲपचं भांडार आहे, तिथल्या ॲपचा कोड कुणीही तपासू शकतो. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या स्थळावरून ॲप घेणारे जाणकारही आहेत. पण ते ॲप शोधत ते स्वतः जातात. ॲप तुम्हाला शोधत आलं, तर गोष्ट निराळी. पैसे भरून मिळणाऱ्या ॲपच्या ‘फुकट’ आवृत्त्या मात्र मी कुणालाच घेऊ देत नाही. कुणीतरी मूळ ॲप फोडून, काही बदलून, स्वतःची सही मारून ते परत बांधलेलं असतं. काय बदललं, ते त्यालाच माहीत.

माझ्याकडे आयफोन आहे. मला भीती नाही ना?

ही विशिष्ट फाइल आयफोनवर चालत नाही. भारतात आयफोनवर ॲप स्टोअरच्या बाहेरून साधेपणाने ॲप टाकताही येत नाही. पण त्याच निरोपातली लिंक उघडली, तर १ रुपयाचं पान आयफोनवरही दिसतं आणि कार्ड तिथेही चोरीला जातं.

चिन्ह दिसत नाही. ॲप फोनमध्ये आहे की गेलं, कसं कळेल?

`Settings` मध्ये `Apps` उघडून सगळ्या ॲपची यादी पाहा. नाव ‘चलन’च असेल असं नाही. काही ‘प्ले स्टोअर’ किंवा ‘सिस्टिम सर्व्हिस’ अशी नावं घेतात. संशय आलेल्या ॲपवर जाऊन पानाच्या तळाशी उतरा, तिथे ते कुठून आलं हे लिहिलेलं असतं. प्ले स्टोअरचं नाव नसेल, ते फोनसोबत आलेलं नसेल आणि तुम्हीही टाकलेलं नसेल, तर खात्री झाली म्हणा.

मग `Permission manager` मध्ये `SMS` उघडा. कुठल्या ॲपला एसएमएसची परवानगी आहे याची ती यादी आहे. चांगल्या फोनवर तिथे चार-पाच ओळखीची नावं असतात. अनोळखी नाव तिथेच उठून दिसतं. मला विचाराल तर दोन मिनिटांत सगळ्यात जास्त सांगणारं पान हेच. त्याच्या जोडीला `Special app access` मधलं `Notification access` ही पाहा, कारण पुण्याच्या क्विक हीलच्या सेकराइट विभागाने २०२५मध्ये उलगडलेलं खोटं ‘नेक्स्टजेन एमपरिवहन’ एसएमएसवर थांबत नव्हतं, ते इतर ॲपमध्ये आलेले निरोपही टिपत होतं.

चुकून टाकलं. आता पहिलं काय करू?

फोनला विमान मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना पाहा. नुसता डेटा बंद केला तर एसएमएसने माल पाठवायची वाट उघडी राहते. ॲपला माल बाहेर पाठवायला वाट लागते, ती आधी तोडायची. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे असतो, इंटरनेटवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. डेबिट कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही थांबवायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. ती बँकांना जोडलेली असल्यामुळे पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येतात. म्हणून तासांचा फरक पडतो. `cybercrime.gov.in` वरही तक्रार नोंदवा. त्याआधी निरोप, फाइलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि बँकेचे एसएमएस यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. घाईत सगळं पुसून टाकलं की पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

आता ॲप काढायचं. कित्येकदा `Uninstall` चं बटण दबतच नाही. याचं कारण ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी घेतलेली असते. `Settings` च्या शोधपट्टीत `Device admin` लिहा, ती परवानगी काढा, ॲक्सेसिबिलिटीतूनही ते ॲप बंद करा, आणि मग काढा. पडद्यावर ते ॲप सारखं आडवं येत असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनवर बंद करायचं बटण पडद्यावर आलं की त्यावर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्या मोडमध्ये फोनसोबत न आलेली, नंतर टाकलेली ॲप चालत नाहीत.

वाहक आणि चोर ही दोन ॲप असतात हे ध्यानात ठेवा. सरांच्या फोनमधून आम्ही एक काढलं आणि निवांत झालो. दुसरं तिसऱ्या दिवशी सापडलं. त्यानंतर मी कुणालाही सांगतो: फोटो आणि संपर्क बाजूला काढा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. व्हॉट्सॲपच्या डाउनलोडमधली ती `.apk` मात्र फोटोंसोबत परत आणू नका.

कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे `*#21#` लावून पाहता येतं आणि `##002#` ने ते रद्द होतात. जिओचे कोड वेगळे आहेत, तिथे कस्टमर केअरला विचारा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ तपासा आणि टू-स्टेप पिन लावा. तो पिन असेल तर नुसत्या एसएमएसच्या कोडावर कुणाला तुमचं खाते उचलता येत नाही. आणि सगळ्या ग्रुपवर आपला फोन पकडला गेला होता हे सांगा. सरांना याची फार लाज वाटत होती. त्यांनी धीर करून लिहिलं, आणि त्याच रात्री दोघांनी फाइल उघडायची राहिली म्हणून कळवलं.

गेलेले पैसे बँक परत देते का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने आणलेले नियम यासाठी वाचायला हवेत. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशी फसवणूक तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. पण तपशील स्वतःहून दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फाइल उघडली आणि कार्डही भरलं, असं असेल तर बँक बहुधा दुसऱ्या बाजूला बोट दाखवते. तेव्हा ‘कधी कळवलं’ याची वेळ हाच तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद. फोनवर बोलून थांबू नका, त्याच दिवशी ईमेल किंवा लेखी अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं.

सरांचे १९ हजार परत आले. ते पुढच्या खात्यात पडून असताना गोठवले गेले होते. उरलेल्यांची गिफ्ट कार्डं झाली होती.

आई-बाबांच्या फोनमध्ये आधीच काय करून ठेवू?

`Special app access` मधलं `Install unknown apps` उघडा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम या सगळ्यांपुढे ‘नाही’ आहे ना पाहा. सॅमसंगचा नवा फोन असेल तर `Auto Blocker` चालू करा, मग बाहेरचं ॲप बसतच नाही. व्हॉट्सॲपमध्ये कागदपत्रं आपोआप उतरणं बंद करा. टू-स्टेप पिन लावा आणि तो त्यांच्याच वहीत लिहून ठेवा.

आणि त्यांना सांगा की फाइल आली की उघडायच्या आधी मला फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी. आमचे सर त्या रात्री मला फोन करणार होते. साडेदहा वाजून गेले म्हणून त्यांनी केला नाही.